परदेशी पदवीवरचं अपोस्टिल: पहिला रकाना की तिसरा?

परदेशी पदवी किंवा जन्मदाखला हातात आला की बहुतेक जण मागे जोडलेल्या अपोस्टिलवर, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं दुसऱ्या देशांना सांगणाऱ्या सरकारी प्रमाणपत्रावर, देशाचं नाव शोधतात आणि तेच नोंदवहीत चढवतात. जन्मदाखल्याच्या बाबतीत हे बहुधा खपून जातं. पदवीच्या बाबतीत मात्र यातून सरळ चूक होऊ शकते.

अपोस्टिलचा साचा १९६१च्या हेग करारात ठरला. चौकोनी मजकूर, वर फ्रेंचमध्ये मथळा आणि त्यात ५ ऑक्टोबर १९६१ ही कराराची तारीख. खाली दहा क्रमांकित रकाने. रकान्यांतला मजकूर कुठल्याही भाषेत असला तरी क्रमांकांचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे लिपी वाचता आली नाही तरी कुठे काय असायला हवं ते कळतं. पहिल्यात देश. दुसऱ्यात कागदावर सही करणाऱ्याचं नाव, तिसऱ्यात त्याचा हुद्दा, चौथ्यात शिक्का कोणाचा ते. पाचव्यापासून पुढचे रकाने खुद्द अपोस्टिलचे: ते कुठे, कधी, कोणी दिलं, क्रमांक, शिक्का आणि सही.

आता एकाच फिलिपिनी विद्यापीठाच्या पदवीचे दोन कागद शेजारी ठेवू. उदाहरण कल्पित आहे, पण असे कागद येतात.

| रकाना | पहिला कागद | दुसरा कागद |
|---|---|---|
| १. देश | फिलिपिन्स | अमेरिका |
| ३. हुद्दा | उच्च शिक्षण आयोगाचा अधिकारी | नोटरी पब्लिक, टेक्सस |
| ५. ठिकाण | मनिला | ऑस्टिन |
| ७. कोणी दिलं | परराष्ट्र खातं | टेक्ससचं सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय |

दुसरा कागद खोटा नाही. पदवीधर टेक्ससला राहायला गेला, तिथल्या नोटरीकडून पदवीची प्रत प्रमाणित करून घेतली आणि त्या नोटरीच्या सहीवर अपोस्टिल मिळवलं. अमेरिकेनं हमी दिली ती एवढीच, की सही करणारा खरोखर नोटरी आहे. विद्यापीठ अस्तित्वात आहे का, हेसुद्धा त्यात तपासलेलं नाही. बोगस विद्यापीठांना हीच वाट सोयीची पडते. ब्रिटनच्या अपोस्टिलवर तर स्पष्टच छापलेलं असतं की ते फक्त सही-शिक्क्याचा खरेपणा सांगतं, मूळ दस्तऐवजाचा नाही.

म्हणून माझं मत असं: पदवी असेल तर आधी तिसरा रकाना वाचा, मग पहिला. तिसऱ्यात कुलसचिव किंवा शिक्षण खात्याचा अधिकारी असेल तर पहिल्या रकान्यातला देश पदवीचा देश म्हणून धरायला हरकत नाही. नोटरी किंवा वकील असेल तर अपोस्टिलवरून पदवीचा देश ठरवूच नका. तो पदवीवरच्या मजकुरातून घ्या आणि खात्री थेट विद्यापीठाकडे करा. काही देशांत मूळ पदवीसुद्धा नोटरीमार्फतच पुढे जाते, तेव्हा नोटरी दिसला म्हणून कागद लगेच फेटाळायचाही नाही.

जन्मदाखला तुलनेनं सोपा. तो निबंधकाच्या सहीनं निघतो आणि त्याची प्रत नोटरीनं प्रमाणित करणं अनेक ठिकाणी चालत नाही. तरीही तिसऱ्या रकान्यात नोटरी दिसलाच, तर निबंधकाच्या कार्यालयातून काढलेली नवी प्रत मागा.

अमेरिकेच्या कागदांत आणखी एक खोच आहे. तिथे बहुतेक अपोस्टिल राज्यं देतात, त्यामुळे राज्याचं नाव ठळक दिसतं. 'स्टेट ऑफ जॉर्जिया' वाचून कोणी जॉर्जिया देश लिहून मोकळं होतं. पाचव्या रकान्यात अटलांटा असेल तर ते अमेरिकेतलं राज्य. कॉकेशसमधल्या देशाच्या कागदावर तिबिलिसी दिसणं स्वाभाविक आहे, आणि पहिला रकाना तर दोघांचा वेगळा असतोच.

देश ठरला की तारीख बघा. चीनच्या मुख्य भूमीवर हा करार ७ नोव्हेंबर २०२३ला लागू झाला, कॅनडात ११ जानेवारी २०२४ला. सहाव्या रकान्यात २०२२ आणि पहिल्यात कॅनडा असं दिसलं तर तो कागद बनावट आहे. हाँगकाँग आणि मकाव इथं मात्र अपोस्टिल आधीपासून मिळत होतं, तेव्हा चिनी कागदाच्या जुन्या तारखेवरून घाईनं निकाल देऊ नका, ठिकाण वाचा.

शेवटची पडताळणी अपोस्टिल देणाऱ्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत. आठव्या रकान्यातला क्रमांक आणि तारीख तिथे टाकायची. त्या नोंदवहीचा पत्ता हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावरून घ्या, कागदावरच्या क्यूआर कोडवरून नको. बनावट कागद बनवणारा बनावट पानही बनवतो. काही नोंदवह्या फक्त 'असं अपोस्टिल दिलं होतं' एवढंच सांगतात. खरं अपोस्टिल दुसऱ्याच कागदामागे टाचलेलं असलं तरीही त्यांचं उत्तर 'होय' येतं. तेव्हा दुसऱ्या रकान्यातलं नाव आणि चौथ्यातला शिक्का हे दोन्ही अपोस्टिल ज्याला जोडलंय त्या कागदावर सापडतात का, ते डोळ्यांनीच जुळवावं लागतं.