पीनट बटरचा चमचा आणि बदामाचा चमचा: काटा आणि मापाचे चमचे काही महिने वापरल्यानंतर

पावसाळ्यात दोन गोष्टी एकत्र मागवल्या: साडेतीनशे रुपयांच्या आसपासचा डिजिटल वजनकाटा आणि प्लॅस्टिकच्या मापाच्या चमच्यांचा संच. आता होळी आली. तेव्हापासून दोन्ही जवळजवळ रोज हाताळतोय, कारण डाएटिशियनने आईला प्रथिनं वाढवायला सांगितली होती आणि तिच्या कागदावर 'पीनट बटर २ टेबलस्पून, सुकामेवा २ टेबलस्पून' असं लिहिलेलं होतं. आईचा पहिला प्रश्न रास्त होता: "अरे, पण चमचा म्हणजे कुठला? पोह्याचा की वाढायचा?"

मापाचा टेबलस्पून म्हणजे १५ मिली. आपला चहाचा चमचा साधारण ५ मिलीचा. पोह्याचा चमचा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, आणि प्रत्येक घरात वेगळा. त्यामुळे संच घेणं चुकीचं नव्हतं. पण आलेला संच काट्यावर तपासला तेव्हा १५ मिली लिहिलेल्या चमच्यात १५ मिली मावतच नव्हते. तपासायची रीत सोपी आहे. वाटी काट्यावर ठेवून शून्य करायची, चमचा काठोकाठ पाण्याने भरून दहा वेळा वाटीत ओतायचा. पाण्याच्या एका मिलीचं वजन एक ग्रॅम, म्हणून १५० ग्रॅमच्या जवळपास आकडा दिसायला हवा. माझ्या संचात तो १३५च्या आसपास थांबायचा. एकच चमचा ओतून बघू नका. काठावर पाण्याचा फुगवटा किती धरला यावर एक-दोन ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात. विक्रेत्याला कळवलं, 'घरगुती वापरासाठी आहे' असं उत्तर आलं. असो.

आता पीनट बटर. आमच्या डबीवर १०० ग्रॅमला २६ ग्रॅम प्रथिनं लिहिली आहेत, बिनसाखरेचं आहे. पीनट बटर पाण्यापेक्षा किंचित जड असतं, त्यामुळे १५ मिलीच्या चमच्यात, सुरीने दाबून भरून वरून सपाट केलं तर, १६ ग्रॅम बसतं. प्रथिनं झाली ४.२ ग्रॅम. अमेरिकी डब्यांवर '२ टेबलस्पून (३२ ग्रॅम), प्रथिनं ७ ग्रॅम' असं असतं. तिथे प्रथिनांचा आकडा पूर्णांकात लिहितात, म्हणून त्या ७चा अर्थ साडेसहा ते साडेसात असा काहीही असू शकतो. तिकडून उचललेला 'एका चमच्यात साडेतीन ते चार ग्रॅम' हा आकडा आपल्याकडेही फिरत असतो, आणि सपाट चमच्यासाठी तो ठीकच आहे.

अडचण ही की सपाट चमचा कुणी घेत नाही. जुन्या मापट्या-चिपट्यांच्या व्यवहारात शीग लावून की सपाट, हे आधी ठरायचं. पीनट बटरला तर शीग आपोआपच लागते. चमचा डबीतून वर आला की वर डोंगर, पाठीला लपेटलेला थर आणि दांड्यावर थोडंसं. तो तसाच पोळीवर पुसला की काट्यावर २८ ते ३० ग्रॅम दिसतात. म्हणजे 'एक चमचा' म्हणून साडेसात ग्रॅम प्रथिनं गेली आणि १०० ऐवजी साधारण १८५ कॅलरी गेल्या. आईचं वजन वाढवायचं होतं, तिला चाललं. माझं मात्र कमी करायचं होतं, आणि रोज दोन 'चमचे' खाणाऱ्याला हा फरक महिन्याभरात पोटावर दिसतो.

फ्रिजमध्ये ठेवलेलं पीनट बटर घट्ट होतं आणि शीग आणखी उंच लागते. नैसर्गिक, म्हणजे तेल वर येणारं असेल तर वेगळीच गंमत. डबी न ढवळता वरून चमचा घातलात तर त्यात बऱ्यापैकी तेलच येतं, आणि तेलात प्रथिनं नसतात. 'तेल जास्त नको' म्हणून वरचं तेल ओतून टाकणारे बरेच आहेत. हिशेब बघा: किलोभर डबीत २६० ग्रॅम प्रथिनं. त्यातलं १०० ग्रॅम तेल काढलं तर उरलेल्या ९०० ग्रॅममध्येही तीच २६०, म्हणजे १०० ग्रॅमला जवळपास २९. डबीवरचा आकडा त्या डबीपुरता संपला. शिवाय खालचं बटर शेवटी इतकं कोरडं होतं की चमचा रुततच नाही. मी डबी आणली की लांब सुरीने तळापासून ढवळतो आणि मग उलटी करून ठेवतो. झाकण नीट बसत नसेल तर मात्र हे करू नका.

मोजायची जी रीत शेवटी टिकली ती अशी. उघडी डबीच काट्यावर ठेवायची, टेअरचं बटण दाबून शून्य करायचं आणि डबीतून हवं तेवढं काढून घ्यायचं. पडद्यावर उणे आकडा येतो. -२० आलं, म्हणजे २० ग्रॅम बाहेर गेलं. चमच्याला किती चिकटलं, पोळीवर किती उतरलं याची काळजी उरत नाही. चमचा चाटून घेतला की हिशेब पूर्ण. चमचा कुठलाही चालतो, मापाचाच हवा असं नाही. प्रथिनं काढायला आमच्या डबीपुरतं ग्रॅमला चारने भागतो. २० ग्रॅमला ५. खरा आकडा ५.२ आहे, पण त्या ०.२ साठी कोण डोकं खाजवणार? चॉकलेट किंवा मधाची चव असलेलं असेल तर डबी बघून भागा. साखर घातली की तेवढी शेंगदाण्याची जागा जाते. आपल्याकडच्या डब्यांवर १०० ग्रॅममागचा आकडा छापलेला असतोच, त्यामुळे काटा असला की चमच्याची भानगड उरत नाही.

सुक्यामेव्याचं गणित याच्या बरोबर उलटं आहे, आणि हे मला या सगळ्यात सगळ्यात उपयोगाचं वाटलं. पीनट बटरचा चमचा आपण समजतो त्यापेक्षा जास्त देतो, बदामाचा चमचा कमी. कारण सरळ आहे: चमच्यात बदामांबरोबर हवाही मोजली जाते. अख्ख्या बदामांचा अमेरिकी मापाचा एक कप, म्हणजे १६ टेबलस्पून, साधारण १४३ ग्रॅम भरतो. तोच कप बदामाच्या पातळ कापांचा भरला तर ९२ ग्रॅमच. बदामात १०० ग्रॅमला साधारण २१ ग्रॅम प्रथिनं धरली तर अख्ख्या बदामांच्या चमच्याला १.९ ग्रॅम आणि कापांच्या चमच्याला १.२. शिऱ्यावर चमचाभर काप भुरभुरवून 'आज बदामही झाले' असं आमच्याकडे म्हटलं जातं. झाले, पण पाच-सहाच.

घरी करून बघायचं असेल तर वाटीभर भाजलेले, सोललेले शेंगदाणे मिक्सरमधून तेल सुटेपर्यंत फिरवा. बटर झाल्यावर ते त्याच वाटीत घाला. वाटी अर्ध्यापेक्षा थोडीशीच वर भरेल. दाणा एकही कमी झाला नाही, भांड्याला चिकटलं तेवढं सोडलं तर वजनही तेच, प्रथिनंही तीच. फक्त दाण्यांमधली हवा गेली. म्हणूनच अख्ख्या शेंगदाण्यांच्या सपाट चमच्याला ९ ग्रॅम, साधारण सव्वादोन ग्रॅम प्रथिनं, आणि त्याच शेंगदाण्यांच्या बटरच्या चमच्याला त्याच्या पावणेदोनपट.

दाण्याचं कूट बटरपेक्षा अख्ख्या दाण्यांच्याच जवळचं. नुकतं काढलेलं, मोकळं कूट सपाट चमच्याला ८ ग्रॅमच्या आसपास भरतं. डब्यात दाबून ठेवलेलं असेल तर १० पर्यंत जातं. उपवासाच्या साबुदाणा खिचडीचं उदाहरण घेतो, कारण 'दाण्याचं कूट असतंच की' हे वाक्य दर एकादशीला ऐकतो. आमच्या वाटीने एक वाटी साबुदाण्याला अर्धी वाटी कूट. वाटी १५० मिलीची, म्हणजे कूट ७५ मिली, वजनाला ४० ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळाली १० ग्रॅम. साबुदाण्यात जवळपास काहीच नाही. दोघांत खिचडी संपते, म्हणजे माणशी ५ ग्रॅम. २० ग्रॅम पीनट बटर लावलेल्या पोळीत नुसत्या बटरचीच तेवढी होतात. कूट वाईट आहे असं नाही, अर्ध्या वाटीचा आकार डोळ्याला फसवतो इतकंच.

मेलबर्नला राहणाऱ्या ताईशी आकडे जुळेनात तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. तिच्या नोंदीत एका सपाट चमच्याला साडेपाच ग्रॅम प्रथिनं, माझ्या नोंदीत चार. "ताई, तुझा चमचा किती मिलीचा आहे बघ बरं," म्हटल्यावर तिने पाठचा आकडा वाचला: २०. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा असतो. दोघेही सपाट चमचा घेत होतो, प्रथिनांची टक्केवारीही तीच. तिकडच्या पाककृतीतले चमचे इकडच्या मापाने घेतले तर तीन चमच्यांमागे एक कमी पडतो.

काट्याबद्दल. १ ग्रॅमच्या पायरीने मोजणारा आहे. पीनट बटरसाठी पुरेसा. बदामाच्या चमचाभर कापांसाठी नाही, कारण ६ ग्रॅमच्या वस्तूत एका ग्रॅमची चूक म्हणजे सहावा हिस्सा. अशा वेळी दहा चमचे एकदम मोजून दहाने भागतो. दुसरी खोड म्हणजे बदाम एकेक करून हळू टाकले तर काटा ते शून्यातच गिळतो, आकडा हलत नाही. सगळे एकदम टाकायचे किंवा ताटली उचलून परत ठेवायची. अख्ख्या बदामांसाठी तर मी काटाही काढत नाही. मोजून दहा घेतो; मध्यम आकाराचे असतील तर १२ ग्रॅम, प्रथिनं अडीच. चमच्यापेक्षा हे खात्रीचं.

दुसरा काटा घेताना दोन गोष्टी बघेन. एक, पडदा ताटाच्या बाहेर असावा; माझ्या काट्यावर मोठी डबी ठेवली की आकडाच झाकला जातो. दोन, आपोआप बंद होण्याची वेळ जास्त असावी. हा अर्ध्या मिनिटात झोपतो, आणि पोळीला बटर फासेपर्यंत उणे आकडा पुसला गेलेला असतो. बॅटरी उतरली की आकडे नाचायला लागतात, तेव्हा पाण्याची वाटी घेऊन पुन्हा तपासायचं. चमच्यांचा संच मात्र परत घेणार नाही. त्यातला छोटा चमचा आईने हळदीच्या डब्यात टाकलाय आणि तिथे तो बरा चाललाय.