आईच्या दाढेची तीन एस्टिमेट : 9,000, 13,500 आणि 3,000

आईची खालची उजवी मोठी दाढ. गाल सुजलेला, रात्रभर "दुखुलालंय बघ" चालू. खानापूरहून बेळगावला जाऊन तीन ठिकाणी दाखवलं आणि तीन एस्टिमेट घेऊन आलो. खालची टोटल बघून पहिल्या दोघांत कुणीपण पहिलंच धरलं असतं, मीपण धरणार होतो.

टिळकवाडीतल्या पहिल्या क्लिनिकचं असं : रूट कॅनाल 3,500, एक्स-रे दर वेळी 200 असे चार, नंतर दाढ भरून उभी करायचे 1,200, वर साधी सिरॅमिक कॅप म्हणजे आत मेटल, बाहेर दाताच्या रंगाचं ती, 3,500. झाले 9,000. फेऱ्या पाच, तीन नस काढायच्या आणि दोन कॅपच्या. दुसरीकडे फक्त रूट कॅनालचंच काम करणारे डॉक्टर, त्यांचा रूट कॅनाल 6,000 पण एक्स-रे आणि भरणं त्यातच, झिरकोनिया कॅप 7,500, म्हणजे 13,500 आणि फेऱ्या तीन, रूट कॅनाल "एका सीटिंगमध्ये" आणि दोन कॅपच्या. तिसरं डेंटल कॉलेज, मेटलची कॅप धरून 3,000 च्या आसपास, पण फेऱ्या सहा-सात आणि दर वेळी अर्धा दिवस जाणार, कारण शिकणारा डॉक्टर एकेक स्टेप सरांना दाखवूनच पुढं जातो. काम त्यामुळं वाईट होत नाही, उलट बघणारे डोळे दोन जास्त. पण आईला बस शक्ती योजनेत फुकट, मला नाही, आणि माझी सहा अर्ध्या दिवसांची रजा कोण देणार.

आता पहिल्या दोघांत फरक 4,500 चा दिसतोय ना, तो खरा किती ते बघूया. दोन्हीकडे कॅप एकच धरा. दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, झिरकोनिया नको, साधी सिरॅमिक बसवली तर? 3,500 म्हणाले. म्हणजे 9,500. पहिल्याकडं झिरकोनिया पण 7,500 लाच, म्हणजे तिथं टोटल 13,000. कसंपण मोजा, फरक 500 चा, बाकीचे 4,000 नुसते कॅपच्या मटेरियलचे होते! त्या 500 मध्ये दोन फेऱ्या वाचणार आणि रबर डॅम लावून काम होणार, म्हणजे दाताभोवती रबराचा पडदा, लाळ आणि त्यातले जंतू आत जात नाहीत. एस्टिमेटवर तो लिहिलेलाच नसतो, विचारायला लागतो.

पण "एका सीटिंगमध्ये" हे लिहिलंय म्हणून धरून चालू नका. आईच्या दाढेत पू होता. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, आतून पू येत राहिला तर त्याच दिवशी बंद करणार नाही, औषध भरून आठवड्यानं बोलवणार. झालं पण तसंच, तीनाच्या चार फेऱ्या. पैसे वाढले नाहीत, कारण ते आधीच विचारून एस्टिमेटवर लिहून घेतलं होतं. नुसती नस दुखत असेल, सूज-पू नसेल तर एका बैठकीत उरकायला सहसा अडचण नसते.

कॅपचं जरा सविस्तर सांगतो, पैसा तिथंच आहे. साध्या सिरॅमिकचा दोष म्हणजे वरचा थर उडतो, आत मेटल दिसायला लागतं. झिरकोनिया एकसंध असेल तर तसा थर उडायचा प्रश्न नाही. तिच्यासोबत वॉरंटी कार्ड मिळतं, पण ती वॉरंटी कॅप फुटली तर, खालची दाढ किडली किंवा तडकली तर नाही. नुसती मेटलची सगळ्यात दणकट, दाढ कमी घासायला लागते, फक्त चांदीसारखी चमकते, एकदम मागच्या दाढेला कोण बघतंय. आई भाकरी, भाजलेले शेंगदाणे आणि (डॉक्टरांपासून लपवून) सुपारी खाणारी. डॉक्टरांनीच मधला उपाय काढला, बाहेरच्या बाजूला सिरॅमिक आणि चावायची बाजू उघडी मेटलची. किंमत तीच 3,500.

कॅप नकोच, दुखायचं थांबलं की, असं आमच्या आप्पांचं मत. म्हणजे 6,000 त भागलं. पण रूट कॅनालसाठी दाढ वरून पोखरलेली असते, आधीच किडून भिंती पातळ झालेल्या, चावताना उभी चीर गेली की बहुतेक वेळा काढूनच टाकावी लागते. म्हणून कॅप न धरलेलं एस्टिमेट स्वस्त नव्हे, अर्धं.

शेवटी दुसरीकडेच केलं, 9,500 त. कॅप बसवायच्या दिवशी निळा कागद चाववून बघितला, आई म्हणाली "उंच लागुलालंय", डॉक्टरांनी तिथंच दोनदा घासून लेव्हल केलं, मग सिमेंट लावलं. घरी येऊन पंधरा मिनिटात सुपारीचा डबा कुठंय विचारलं.