क्रँक पुलर: काही महिने वापरल्यानंतर

चौकोनी टोकाच्या ॲक्सलवरचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, काढायला घेतलेला हा पुलर आता घरच्या, शेजारच्या बऱ्याच सायकलींवर चालवून झालाय. माझं मत चांगलं आहे, पण त्याच्या रचनेकडे नीट बघून वापरला तरच.

याचे दोन भाग. बाहेरची बॉडी क्रँकच्या आट्यांत बसते, माप २२ मिमी, पिच १ मिमी. आतला स्क्रू ॲक्सलच्या तोंडाला रेटतो आणि क्रँक बाहेर ओढला जातो. म्हणजे सगळा जोर ॲल्युमिनियमच्या त्या थोड्याशा आट्यांवर येतो. हातोडीने क्रँक काढणारे ॲक्सलच्या बेअरिंगला मार देतात. इथे तो प्रकार नाही.

सगळ्यात हट्टी निघाला तो मालवणहून आलेल्या सायकलचा डावा क्रँक. खारी हवा, वर्षानुवर्षं न उघडलेला. ८ मिमीच्या ॲलन कीने बोल्ट काढला, तरी आत वॉशर चिकटून होता. तो राहिला तर स्क्रू ॲक्सलऐवजी वॉशरला, म्हणजे क्रँकलाच रेटतो आणि आटे जातात. टॉर्च मारून बघायचंच. मग जुन्या टूथब्रशने आटे घासले, आतला स्क्रू पूर्ण मागे घेतला आणि बॉडी आधी हाताने फिरवत नेली. सुरुवातीलाच अडली तर वाकडी लागलीय, काढून पुन्हा लावा. शेवटी पान्याने टेकेपर्यंत बसवली.

आतला स्क्रू आवळला तरी क्रँक हलेना. अशा वेळी लांब पाइप लावून ताकद करायचा मोह होतो. मी ताण तसाच ठेवला, सांध्यात गंज सुटायचं तेल सोडलं आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी फडकं गुंडाळून क्रँकवर उकळतं पाणी ओतलं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते. पाव फेऱ्यालाच ‘टक्’ आवाज आला आणि क्रँक सुटला.

काम चालू असताना नजर बॉडीच्या कडेवर ठेवा. तिच्यात आणि क्रँकमध्ये फट वाढायला लागली किंवा बॉडी तिरकी झाली, तर आटे उपटतायत. तिथेच थांबा. आटे गेलेला क्रँक काढायला मग कापणं किंवा वेगळी उपकरणं लागतात.

तक्रारी दोन. स्क्रूच्या टोकाचा गोल तुकडा ग्रीसशिवाय करकरतो, दर वेळी थोडं लावावंच लागतं. आणि पोकळ, खाचांच्या ॲक्सलसाठी (ऑक्टालिंक, आयसिस) मोठं टोक सोबत येत नाही. हे बारीक टोक सरळ भोकात शिरतं. जुन्या काळ्या रोडस्टरच्या कॉटर पिनवाल्या क्रँकला तर हा पुलर लागतच नाही. तिथे पिनच काढावी लागते.