सात महिने वापरलेली मोरपिशी कुर्ती, कोकणातल्या पावसासकट

जूनमध्ये दोन कुर्त्या ऑनलाईन मागवल्या, गणपतीत घालायला म्हणून, एक मोरपिशी आणि एक आंबा कलर. मोरपिशी ठेवली, आंबा परत केली. आता जानेवारी संपत आला.

कापडाचं आधी सांगते. वर मोठ्या अक्षरात "कॉटन फील" लिहिलेलं आणि खाली डिटेल्समध्ये रेयॉन, मी "फील" वाचलंच नाही. तसं रेयॉन वाईट नाही हो, मऊ आहे, अंगावर छान पडतं, आमच्या घामट हवेत कॉटनइतकंच बरं वाटतं. पण ओलं झालं की त्याचा जोर जातो. मी पहिल्याच धुण्यात सवयीने पिळली आणि काखेजवळची शिवण सरकली. आता नुसती दाबून पाणी काढते. लांबी आली तेव्हा 44 इंच, तीन धुण्यांनंतर टेपने मोजली तर साडेबेचाळीस, नंतर मात्र थांबली. पावसात पडवीत दोरीवर दोन दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो तो वेगळाच.

रंगाचं जरा माझंच चुकलं. रात्री मोबाईलवर पिवळट नाईट मोड चालू असतो, त्यात तो आंबा कलर मस्त हापूस दिसत होता, आली ती लिंबासारखी झगझगीत! दिवसा मोड बंद करून बघितलं तर फोटोतही लिंबूच. मोरपिशी फोटोपेक्षा थोडी हिरवट निघाली, पण एका बाईने अंगणात उन्हात काढलेला फोटो टाकला होता त्याच्याशी अगदी जुळली. आता मी मॉडेलचे फोटो बघतच नाही, लोकांनी टाकलेले बघते. आणि आधी आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल घासून बघा, माझा हिरवा झाला, म्हणून पहिली चार धुणी वेगळी काढली.

साईज चार्टमध्ये एल म्हणजे 40. माझी छाती 38, म्हटलं आरामात बसेल. तर ते 40 कुर्तीचं माप निघालं, अंगाचं नाही, म्हणजे मोकळीक फक्त दोन इंच आणि दंडात घट्ट. आता घरातली नीट बसणारी कुर्ती जमिनीवर पसरते, काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट करते आणि तो आकडा चार्टशी लावते, चार्टात माप कपड्याचं की अंगाचं ते लिहिलं नसेल तर आधी विचारते.

रिटर्न मात्र डोकेदुखी. मुदत सात दिवसांची, पार्सलवाला आणताना फोन करून "नाक्यावर या" म्हणतो आणि नेताना वाडीपर्यंत येतच नाही. दोनदा पिकअप कॅन्सल झालं, त्यातच पाच दिवस गेले, मग मेसेज आला की तुम्हीच पाठवा. पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट केलं, पावतीचा फोटो काढून ठेवला म्हणून वाचले, कारण नंतर म्हणाले पार्सल मिळालंच नाही. ट्रॅकिंग नंबर दिल्यावर अकराव्या दिवशी पैसे आले, पोस्टाचा खर्च मात्र पॉईंट्समध्ये, म्हणजे परत त्यांच्याकडूनच घ्या काहीतरी. टॅग काढला असता तर तेही नाही.

मोरपिशीची खालची दुमड शिंप्याकडून सोडवून घेतली, एक इंच मिळाला. गणपतीत दोन दिवस घातली, आता बाजाराला जाताना घालते.