गणपतीच्या शुभेच्छांत भाच्याचं अभिनंदन: ग्रुपवर, मेसेजमधून की पाकिटातून?

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि गणपती येतात ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात. २०२५ साली निकाल ५ मे रोजी लागला होता आणि गणेश चतुर्थी होती २७ ऑगस्टला. या मधल्या दिवसांत सीईटीचा निकाल, पर्याय भरणं, कॅपच्या म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या असं सगळं होऊन जातं किंवा चालू असतं. त्यामुळे मे महिन्यात जे नुसतं अभिनंदन होतं, त्याच्या मागे गणपतीत ‘मग कुठे मिळालं?’ हा प्रश्न आपोआप ऐकू येतो, मामाने विचारला नाही तरी.

उदाहरणासाठी असा भाचा धरू: ओम, बारावी सायन्स, ६०० पैकी ४२८ म्हणजे ७१.३३ टक्के. इंजिनीअरिंगला जायचंय, पण हवी ती शाखा अजून मिळालेली नाही. मामाकडून निकालाच्या वेळी अभिनंदन राहून गेलं होतं, ते आता सणाच्या शुभेच्छांत करायचंय. मार्ग तीन आहेत.

कुटुंबाचा ग्रुप

सोपा आणि सगळ्यांत धोक्याचा. तुमचा मेसेज निर्दोष असला तरी त्याखाली काय येईल ते तुमच्या हातात नसतं. पहिल्या चार अभिनंदनांनंतर कुणीतरी ‘ॲडमिशन कुठे घेतली?’ विचारतं आणि मग ओमच्या आधी त्याची आईच उत्तर देते. शिवाय त्याच ग्रुपवर ९२ टक्क्यांची मावसबहीण असते. ओमने किंवा त्याच्या आईने निकाल स्वतःहून ग्रुपवर टाकला असेल, तरच तिथे एक ओळ लिहावी आणि बाकीचं वेगळं. तसं नसेल तर ग्रुपवर फक्त सणाच्या शुभेच्छा, सगळ्यांना सारख्या.

त्याला एकट्याला मेसेज

आमची पसंती याला. पण नीट लिहिला तर. सवयीने लिहिलेला मेसेज साधारण असा उतरतो:

‘गणेश चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा! बारावीत ७१ टक्के मिळवल्याबद्दल अभिनंदन. आईबाबांच्या कष्टांचं चीज केलंस. बाप्पा तुला असंच यश देवो. पुढील वाटचालीस खूप खूप शुभेच्छा!’

यात वाईट हेतूचा एक शब्द नाही, तरीही पाचांपैकी चार वाक्यं बोचतात. ‘७१ टक्के’ लिहिलं की आकड्यावर चर्चा सुरू होते. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात बारावीचे गुण पात्रतेपुरते बघतात (खुल्या प्रवर्गाला भौतिक-रसायन-गणितात ४५ टक्के), क्रम लागतो तो सीईटीच्या पर्सेंटाइलवर. म्हणजे टक्क्यांचा उल्लेख झाला की पुढचा आकडा मनात येणारच. ‘कष्टांचं चीज’ म्हटलं की निकाल त्याचा न राहता आईबाबांच्या कर्जाचा पहिला हप्ता होतो. ‘असंच यश’ हे खरं तर पुढच्या वेळची अट. आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ ही सत्कार समारंभाच्या निवेदकाची ओळ आहे. ती आपण इतकी ऐकलीय की अभिनंदनाला तिच्याशिवाय शेपूट नाही असं वाटतं. ज्याची वाटचालच फेरी क्रमांक तीनमध्ये अडकलीय त्याला मात्र ती शब्दशः कळते.

आता दुसरा मसुदा:

‘ओम, गणपतीच्या शुभेच्छा! सकाळी बाप्पा बसले. यंदा मूर्ती शाडूची आणलीय, उंदीर मात्र बाप्पाच्या पायाएवढा मोठा आहे, येशील तेव्हा बघ. आणि निकाल लागला तेव्हा तुझं अभिनंदन करायचं राहिलं होतं, ते आज करतो. मनापासून अभिनंदन! वर्षभर सकाळची सहाची बस पकडून क्लासला जात होतास, पावसातसुद्धा. मामीने तळणीचे मोदक केलेत, बाप्पा पाच दिवस आहेत. – मामा’

क्रम महत्त्वाचा आहे. सण आधी, अभिनंदन मध्ये, मोदक शेवटी. अभिनंदन शेवटी ठेवलं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं आणि उत्तर म्हटलं की ‘पुढे काय’ आलंच. मोदक शेवटी असले की ‘शनिवारी येतो’ एवढं लिहून त्याची सुटका होते. बसचा उल्लेख टक्क्यांच्या जागी आहे. ती गोष्ट घडून गेलेली आहे, मामाला खरंच माहीत असलेली आहे आणि कुणाशी तुलना करता येत नाही. असं काही ठाऊक नसेल तर बनवून लिहू नये. नुसतं ‘मनापासून अभिनंदन’ पुरतं.

पाठवण्याआधी एक तपासणी करता येते: निकालाबद्दलच्या वाक्यांतली क्रियापदं बघा. ‘अभिनंदन करतो’ सोडून ती भूतकाळी हवीत. भविष्यकाळ आणि ‘-ओ’कारान्त आशीर्वाद (देवो, होवो, लाभो) फक्त सणाच्या आणि खाण्याच्या वाक्यांत चालतील. ‘ये म्हणजे निवांत बोलू’ हेही काढून टाका. आपल्याकडे मामाने निवांत बोलायला बोलावणं म्हणजे काय, हे प्रत्येक भाच्याला माहीत असतं.

चतुर्थीच्या सकाळी पाठवू नये. तेव्हा फुलांच्या आणि मूर्तींच्या चित्रांचा पूर येतो, त्यात हा मेसेज वाहून जातो. संध्याकाळची आरती झाल्यावर पाठवलेला वाचला जातो.

दर्शनाला आल्यावर पाकीट

तो घरी येणार असेल तर हे मेसेजपेक्षा उबदार असतं, पण अडचणी वेगळ्या. पाकिटावर ‘बक्षीस’ लिहिलं की रक्कम गुणांची किंमत होते. गेल्या वर्षी ९२ टक्क्यांना १००१ दिले असतील आणि यंदा ५०१ दिले, तर तो हिशेब त्याला लगेच जमतो. रक्कम सगळ्या भाचरांना सारखी ठेवावी आणि वर लिहावं ‘ओमला, खाऊसाठी’. आरतीनंतर सगळे ताटांवर बसलेले असताना नाव पुकारून देऊ नये; तो निघताना चपला घालत असेल तेव्हा हातात द्यावं.

खरी कसोटी नमस्काराची. तो वाकतो आणि मामाच्या तोंडून विचार न करता ‘यशस्वी हो, खूप मोठा हो’ निघतं. पाकिटावर जपलेलं सगळं त्या एका श्वासात जातं. ‘सुखी राहा, बाळा’ आधीच मनाशी ठरवून ठेवलं तर ऐन वेळी आठवतं.

दूरच्या गावी असलेल्या भाच्याला मेसेज, येणाऱ्याला पाकीट, आणि दोन्ही करणार असाल तर अभिनंदन त्यांपैकी एकातच. दुसऱ्यांदा केलं की तो विषय काढल्यासारखा होतो. तो नापास झाला असेल किंवा पुरवणी परीक्षेत अडकला असेल, तर यातलं काहीच नको. फक्त गणपतीच्या शुभेच्छा आणि मोदक. ‘काळजी करू नकोस’सुद्धा नको.

मेसेज बोचला का, हे त्याच्या उत्तरावरून कळतं. ‘थँक यू मामा’ हे ठीक. पण न विचारता ‘अजून एक राऊंड बाकी आहे, कॉम्प्युटर मिळेल बहुतेक’ असं स्पष्टीकरण आलं, तर प्रश्न कुठेतरी ऐकू गेलाय. त्यावर ओळखीच्या कॉलेजांची यादी पाठवू नका. ‘बरं. मोदक किती ठेवू, अकरा की एकवीस?’ एवढंच लिहा.