ई.एस.आय.चे सत्तर दिवस की मालकाचे ऐंशी : बाळंतपणाच्या तोंडावर नोकरी बदलताना

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यांचे पगारपत्रक मी बरीच वर्षे लिहीत आलो आहे आणि या काळात एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे आला आहे : दिवस गेले आहेत, दुसरीकडे जास्त पगाराची नोकरी मिळते आहे, तर आत्ता जावे की बाळंतपण आटोपून जावे? उत्तर पगाराच्या फरकावर जेवढे अवलंबून असते त्याहून जास्त ते दोन मोजण्यांवर अवलंबून असते. एक मोजणी ई.एस.आय.ची, म्हणजे सामाजिक विम्याची, आणि दुसरी मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायच्या प्रसूती लाभाची. रजेची मुदत दोन्हीकडे सारखीच, २६ आठवडे, आणि त्यांतले प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त ८ घेता येतात. दोन किंवा अधिक हयात मुले असतील तर ती १२ आठवड्यांवर येते. पात्रता मात्र दोन्हीकडे वेगळ्या रीतीने मोजली जाते, आणि पैसेही वेगळ्या रीतीने.

आधी कोण कुठे बसते ते पाहू. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेली आणि ई.एस.आय. लागू असलेल्या आस्थापनेत काम करणारी स्त्री विम्यात येते. तिच्या वेतनातून ०.७५ टक्के अंशदान म्हणून कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. वेतन या मर्यादेच्या वर असेल तर लाभ मालकाने द्यायचा असतो, आणि दुकाने-कार्यालयांच्या बाबतीत त्यासाठी तिथे किमान दहा माणसे कामाला असावी लागतात. म्हणून राजवाड्याच्या एखाद्या चार माणसांच्या दुकानातली जास्त पगाराची जागा या बाबतीत दोन्हीकडून कोरडी राहू शकते, हे नोकरी स्वीकारण्याआधी लक्षात घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम संक्रमणकाळात चालू ठेवले असल्याने खालचा हिशेब त्यांच्याच आधारे केला आहे.

आता दिवसांची मोजणी. ई.एस.आय.मध्ये वर्षाचे दोन अंशदान काळ असतात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्याचा लाभ काळ पुढच्या १ जानेवारी ते ३० जून असा, आणि दुसऱ्याचा १ जुलै ते ३१ डिसेंबर असा. बाळंतपण ज्या लाभ काळात येते त्याच्या लगतच्या मागच्या दोन पूर्ण अंशदान काळांत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान देय झालेले असावे लागते. मालक बदलला तरी विमा क्रमांक तोच राहतो, त्यामुळे या सत्तर दिवसांत एका कारखान्याचे चाळीस आणि दुसऱ्याचे तीस असले तरी ते एकत्र धरले जातात. मालकाच्या लाभाचा नियम याच्या अगदी उलट आहे : अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम झालेले असावे लागते. कायद्याने ठरलेल्या पगारी सुट्ट्या आणि कामबंदीचे म्हणजे ले-ऑफचे दिवस त्यात धरले जातात, पण आधीच्या मालकाकडचा एकही दिवस धरला जात नाही.

एक उदाहरण तारखांसकट घेतो. समजा, एका स्त्रीला एका पॅकिंग कारखान्यात महिना १८,२०० रुपये पगार आहे, ती दोन वर्षे ई.एस.आय.मध्ये आहे, आणि तिची अपेक्षित तारीख १० मे २०२६ आहे. विजयनगरच्या एका कार्यालयात तिला १ जानेवारी २०२६ पासून २४,००० रुपयांची जागा मिळते आहे. ती जुन्याच ठिकाणी राहिली तर १० मे हा दिवस जानेवारी ते जून या लाभ काळात येतो, आणि मोजले जाणारे अंशदान काळ होतात ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२५. सत्तर दिवस केव्हाच भरलेले आहेत. ती १५ मार्चपासून, म्हणजे पूर्ण आठ आठवडे आधी, रजेवर जाऊ शकते.

नव्या जागी गेली तर ऐंशीची मोजणी १ जानेवारीला शून्यापासून सुरू होते. १४ मार्चपर्यंत रविवारांसकट सगळे दिवस धरले तरी ते ७३ होतात, म्हणजे आठ आठवडे आधीची रजा तिथे शक्यच नाही. रविवार सोडले तर जानेवारीत २७, फेब्रुवारीत २४ आणि मार्चमध्ये २६ असे ७७ दिवस होतात, आणि ऐंशीवा दिवस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो, तोही मध्ये आजारपणाची एकही रजा पडली नाही तर. सातव्या-आठव्या महिन्यात रक्तदाब वाढून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. अशा वेळी चार-पाच दिवसांच्या कमतरतेने सगळा हक्क अडकतो. म्हणून नव्या जागेचा विचार करताना ऐंशी दिवसांच्या वर किमान तीन आठवड्यांची मोकळीक असल्याखेरीज मी कुणालाही होकार देत नाही.

आता रकमेकडे येऊ, कारण फरकाचा खरा गाभा तिथे आहे. दोन्हीकडे दर सरासरी दैनिक वेतनाच्या १०० टक्के आहे, आणि दोन्हीकडे तो रजेच्या प्रत्येक दिवसासाठी, रविवार धरून, मिळतो. रविवार धरायचा की नाही याबद्दल पूर्वी वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये बी. शहा प्रकरणात आठवडा म्हणजे सातही दिवस असा निर्णय दिला. आता मासिक वेतनाला ई.एस.आय.च्या नियमातला भाजक २६ आहे. १८,२०० भागिले २६ म्हणजे रोजचे ७००, आणि २६ आठवड्यांचे दिवस १८२, म्हणून एकूण १,२७,४०० रुपये. ही रक्कम बरोबर सात महिन्यांच्या पगाराएवढी आहे, कारण १८२ ला २६ ने भागले की ७ येतात. सहा महिन्यांच्या रजेला सात पगार कसे, असे बायकांना नेहमी वाटते. पगार कामाच्या दिवसांवर भागला आणि लाभ सगळ्या दिवसांना दिला, म्हणून तसे होते.

मात्र प्रत्यक्ष दर निघतो तो मालकाने दरमहा भरलेल्या वेतनाच्या आणि दिवसांच्या आकड्यांवरून, आणि इथेच मी माझ्या मावसबहिणीचे नुकसान होताना पाहिले. तिच्या कारखान्याचा हिशेबनीस दर महिन्याला कामाचे २६ दिवस न भरता कॅलेंडरचे ३० किंवा ३१ भरत होता. एप्रिल ते सप्टेंबरचे सहा पगार मिळून १,०९,२०० रुपये होत होते; त्यांना १५६ दिवसांनी भागले तर ७०० येतात, आणि १८३ ने भागले तर ५९६ रुपये ७२ पैसे. १८२ दिवसांवर हा फरक जवळजवळ १८,८०० रुपयांचा झाला. ती बाळाला मांडीवर घेऊन ते पान मोबाइलवर मला दाखवत होती, आणि दिवसांच्या रकान्यात ओळीने ३०, ३१, ३०, ३१ असे आकडे दिसत होते. विमाधारकाच्या पोर्टलवर आपल्या क्रमांकाने प्रवेश केला की अंशदानाचा हा तक्ता कुणालाही दिसतो. दिवस गेल्याचे कळल्याबरोबर तो उघडावा, दर महिन्याचे वेतन आणि दिवस पगारचिठ्ठीशी ताडून पाहावेत, आणि तफावत दिसल्यास मालकाकडे लेखी मागणी करावी. बाळंतपणानंतर ही दुरुस्ती होण्याला फार वेळ लागतो.

मालकाच्या लाभात सरासरी रजेच्या लगत आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांतल्या कामाच्या दिवसांवरून काढतात. २४,००० रुपयांवर २६ च्या भाजकाने रोजचे ९२३ रुपये ८ पैसे, म्हणजे एकूण १,६८,००० होतात. बहुतेक कार्यालये मात्र नुसता मासिक पगार सहा महिने चालू ठेवतात आणि १,४४,००० वर थांबतात. कमी धरलेला आकडा घेतला तरी तो ई.एस.आय.च्या रकमेहून १६,६०० ने जास्त आहे. पैशाची वेळही निश्चित आहे : प्रसूतीपूर्वीच्या काळाचे पैसे गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ, आणि उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. ई.एस.आय.ची रक्कम शाखा कार्यालयातून बँक खात्यात येते, पण तपासणी आणि बाळंतपण नंदानगरच्या बीमा हॉस्पिटलात विम्यातूनच होते. मालकाकडून उपचारांची विनामूल्य सोय नसेल तर त्याऐवजी ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस मिळतो, आणि खासगी बाळंतपणाचा खर्च त्यात भागत नाही.

आपल्या उदाहरणात आणखी एक गाठ आहे. ई.एस.आय.चा हक्क आधीच्या अंशदानावर उभा असल्याने नोकरी सोडल्यावरही तो त्या लाभ काळात टिकतो. पण ई.एस.आय.च्या जुन्या कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे तिथे हक्क असताना त्याच प्रकारचा लाभ दुसऱ्या कायद्याखाली घेता येत नाही, आणि नव्या मालकाला याचा आधार घेऊन नकार देता येतो. म्हणजे २४,००० च्या हिशेबाने आखलेले घरखर्चाचे गणित मे महिन्यात ७०० रुपये रोजावर येऊन थांबू शकते. नवे कार्यालय रजेचे पैसे स्वतः देणार असेल तर ते नेमणूकपत्रात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर मी या बाबतीत विसंबत नाही. तेव्हा या स्त्रीला माझा सल्ला जुन्या ठिकाणी राहून, बाळंतपण आटोपून मग बदल करण्याचा असेल.

तीच तारीख असलेली, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच नोकरीला लागलेली दुसरी स्त्री घेतली तर चित्र पालटते. तिने १८,२०० ची ई.एस.आय.तली जागा घेतली असेल तर मेपर्यंत सात महिने अंशदान कापले जाऊनही तिला विम्याचा प्रसूती लाभ मिळत नाही, कारण मोजले जाणारे दोन्ही काळ ३० सप्टेंबरलाच संपलेले असतात. तिने २४,००० ची जागा घेतली असेल तर तिचे ऐंशी दिवस जानेवारीतच भरतात आणि १५ मार्चपासून रजा घेता येते. अशा स्त्रीने जास्त पगाराची जागा घ्यावी. तिच्या बाबतीत दुसरा पर्याय तोलण्यासारखा नाही.