ठरावाची तारीख धरायची की टपालाची? अर्ज मागे घेतल्यावर झालेल्या अलॉटमेंटचा प्रश्न

धंतोलीतल्या आमच्या संध्याकाळच्या बॅचला एका मुलीने सराव पेपर पुढे केला. "सर, माणसाने अर्ज मागे घेतला, त्यानंतर कंपनीने शेअर दिले. मग तो बांधील कसा काय?" तिने 'बांधील आहे' असं लिहिलं होतं आणि ते स्वतःलाच पटत नव्हतं.

प्रश्न असा होता. इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने 3 जूनला मुंबईच्या कंपनीकडे 500 शेअरसाठी अर्ज केला. 14 जूनला त्याने अर्ज मागे घेत असल्याचं पत्र नागपुरातून रजिस्टर्ड पोस्टाने टाकलं. 16 जूनला कंपनीच्या बोर्डाने अलॉटमेंटचा ठराव केला. 17 जूनला सकाळी 11 वाजता व्यापाऱ्याचं पत्र कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पोचलं. त्याच दिवशी संध्याकाळी 5 वाजता अलॉटमेंटची पत्रं टपालात पडली आणि 20 जूनला इतवारीत आली.

बहुतेक मुलं ठरावाची तारीख धरतात. ठराव 16 ला, पत्र पोचलं 17 ला, म्हणजे कंपनीने आधी स्वीकारलं, व्यापारी अडकला. हे उत्तर दोन ओळींत होतं, म्हणून मोह पडतो. पण अर्ज म्हणजे प्रस्ताव आणि ठराव ही कंपनीच्या घरातली गोष्ट. जोवर ती अर्जदाराकडे रवाना होत नाही, तोवर करार होत नाही.

काही हुशार मुलं उलट टोकाला जातात. व्यापाऱ्याने 14 ला पत्र टाकलं, ते ठरावाच्या आधी, म्हणून तो सुटला, असं लिहितात. निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं. अशा उत्तराला निम्मे गुण मिळाले तर मला नवल वाटत नाही.

मी टपालाच्या तारखांवरच उत्तर लिहायला सांगतो, पण दोन्ही पत्रांना एकच माप न लावता. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 4 नुसार स्वीकृतीचं पत्र स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर, म्हणजे टपालात गेलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो. प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र मात्र समोरच्याला कळेल तेव्हाच त्याच्याविरुद्ध लागू होतं. कलम 5 म्हणतं की स्वीकृती प्रस्ताव देणाऱ्याविरुद्ध पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. म्हणून तुलना 17 तारखेच्या दोन वेळांची आहे: सकाळचे 11 आणि संध्याकाळचे 5. कंपनीला आधी कळलं, अलॉटमेंटचं पत्र नंतर निघालं. व्यापारी सुटला, अर्जाचे पैसे परत.

मुलीने लगेच विचारलं, "आणि त्याचं पत्र 18 ला पोचलं असतं तर?" तर बांधील. 14 लाच टाकलं होतं, हे सांगून उपयोग नाही. एवढंच कशाला, अलॉटमेंटचं पत्र वाटेत हरवलं असतं तरी बांधील. 1879 च्या इंग्लंडमधल्या हाउसहोल्ड फायर विरुद्ध ग्रँट खटल्यात अलॉटमेंटचं पत्र ग्रँटला कधी मिळालंच नाही, तरी तो भागधारक ठरला.

तिसरी वाट मुदतीची. अर्ज केल्यावर कंपनी महिनोन्‌महिने गप्प बसली, तर मागे घेतल्याचं पत्र उशिरा पोचलं तरी अर्जदार सुटू शकतो, कारण कलम 6 नुसार वाजवी वेळ उलटल्यावर प्रस्ताव आपोआप संपतो. 1866 च्या रॅम्सगेट हॉटेलच्या खटल्यात जूनमधल्या अर्जावर नोव्हेंबरमध्ये अलॉटमेंट झाली, आणि माँटेफिऑरेला शेअर घ्यावे लागले नाहीत. आपल्या प्रश्नात मात्र अर्जापासून दोन आठवडेच झालेत. तिथे हा मुद्दा घुसवला तर परीक्षकाला वाटेल, पोरगं पाठ केलेलं सगळं ओततंय. प्रश्नात चार-पाच महिन्यांचं अंतर दिसलं तरच ही वाट धरायची.

जुन्या गाईडांपासून मात्र सावध राहा. त्यांत 1956 च्या कंपनी कायद्याचं कलम 72(5) असतं: प्रॉस्पेक्टसवरून केलेला अर्ज सबस्क्रिप्शन लिस्ट उघडल्यापासून पाचवा दिवस संपेपर्यंत मागे घेता येत नसे. तो कायदाच बदलला आहे. 2013 च्या कायद्यावरच्या पेपरात ते लिहू नका.

उत्तराच्या शेवटी उपाय लिहिला तर बरं. कंपनीने तरीही व्यापाऱ्याचं नाव सभासद-नोंदवहीत घातलं असेल, तर 2013 च्या कायद्याच्या कलम 59 खाली नोंदवही दुरुस्त करून घेण्यासाठी त्याला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण मधल्या काळात त्याने त्या शेअरवरचा लाभांश गुपचूप खिशात घातला असेल, तर कंपनीचा वकील आधी तोच मुद्दा काढेल.